दोन दारं आणि एक पंप : प्रस्तावना

पहिल्या वर्षाच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारते. ग्लुकोजला पेशीत शिरायला ऊर्जा लागते का? थोडी कुजबुज होते आणि मग तीन उत्तरं येतात. एक विद्यार्थी म्हणतो, लागत नाही, कारण तांबड्या रक्तपेशीत ग्लुकोज आपोआप शिरतं. दुसरी म्हणते, लागते, कारण आतड्यात ग्लुकोज कमी संहतीकडून जास्त संहतीकडे जातं. तिसरा चाचरत म्हणतो, लागते, पण थेट नाही. वर्गाला वाटतं की तिघांपैकी एकच बरोबर असणार. तिघंही बरोबर असतात. चूक प्रश्नात असते, कारण कुठल्या पेशीच्या कुठल्या बाजूच्या पटलाबद्दल आपण बोलतोय, हे मी सांगितलेलंच नसतं.

हे पुस्तक त्या तीन उत्तरांचं आहे. पटलातून पदार्थ नेण्याच्या तीन रीती, म्हणजे सुलभ विसरण, प्राथमिक सक्रिय वहन आणि सहवहन, क्रमिक पुस्तकांत एका तक्त्याच्या तीन स्तंभांत येतात. विद्यार्थी तक्ता पाठ करतो आणि परीक्षेत उतरवतो. पण एकाच पेशीत या तिन्ही रीती एकमेकींच्या आधाराने चालताना दाखवल्या, की हाच विद्यार्थी गोंधळतो. म्हणून मी तक्त्याने सुरुवात केलेली नाही. लहान आतड्याच्या अस्तराची एक पेशी घेतली आणि ग्लुकोजच्या एका रेणूचा तिच्यातून रक्तापर्यंतचा प्रवास आकड्यांसह मांडला. या पेशीची एक बाजू आतड्याच्या पोकळीकडे असते, दुसरी रक्ताकडे. पोकळीकडच्या दारातून ग्लुकोज आत येतं, रक्ताकडच्या दारातून बाहेर पडतं, आणि रक्ताकडच्याच बाजूला एक पंप अखंड चालू असतो. दोन दारं आणि एक पंप, एवढाच या पुस्तकाचा पसारा. तो कसा वाचायचा, हे या प्रस्तावनेत थोडक्यात सांगते.

सुरुवात सर्वांत सोप्या दारापासून, आणि त्यासाठी आतडं क्षणभर बाजूला ठेवून तांबडी रक्तपेशी घेऊ. तिच्या पटलात ग्लुट-१ नावाचं वाहक प्रथिन असतं. पटलाचा गाभा मेदाचा, आणि ग्लुकोज पाण्यात रमणारं, त्यामुळे ग्लुकोज स्वतःहून पटलातून फारसं जाऊ शकत नाही. ग्लुट-१ त्याला वाट देतं. प्रथिन बाहेरच्या बाजूला उघडं असताना ग्लुकोज त्याच्या खोबणीत बसतं, प्रथिनाचा आकार बदलतो, खोबण आतल्या बाजूला उघडते आणि ग्लुकोज सुटतं. हीच क्रिया उलट दिशेनेही तितक्याच सहज होते. इथे कोणी ऊर्जा खर्च करत नाही. ज्या बाजूला ग्लुकोज जास्त, त्या बाजूने खोबण जास्त वेळा भरते, म्हणून निव्वळ वाहतूक जास्तीकडून कमीकडे होते.

खोबणींची संख्या ठरलेली असल्यामुळे या वाहतुकीला कमाल मर्यादा असते. ज्या संहतीला वाहक आपल्या कमाल वेगाच्या निम्म्या वेगाने चालतो, ती ग्लुट-१ साठी सुमारे १.५ मिलिमोल प्रतिलिटर आहे. उपाशीपोटी रक्तात ग्लुकोज साधारण ५ मिलिमोल असतं. मग आत येण्याचा वेग कमाल वेगाच्या ५ ÷ (५ + १.५), म्हणजे सुमारे ७७ टक्के. आता रक्तातलं ग्लुकोज दुप्पट, म्हणजे १० मिलिमोल झालं असं धरा. साध्या विसरणात वेगही दुप्पट झाला असता. इथे तो १० ÷ ११.५, म्हणजे ८७ टक्क्यांवर थांबतो. संहती दुप्पट, वेगात वाढ जेमतेम आठव्या हिश्श्याची. तांबड्या पेशीला याचा फायदाच आहे, कारण रक्तातली साखर वरखाली झाली तरी तिला मिळणारा पुरवठा जवळपास सारखा राहतो.

हा हिशोब अर्धाच झाला. आतूनही ग्लुकोज बाहेर येत असतं. पेशीच्या आत ४ मिलिमोल असेल, आणि सोपेपणासाठी वाहक दोन्ही बाजूंनी सारखा धरला, तर बाहेर येण्याचा वेग ४ ÷ ५.५, म्हणजे ७३ टक्के. निव्वळ आवक या दोन्हींतला फरक, जेमतेम ४ टक्के. आत-बाहेर संहती सारखी झाली की निव्वळ वाहतूक शून्य होते, येजा मात्र चालूच राहते. सुलभ विसरणाची ओळखीची खूण हीच आहे: ते संहती सारखी करू शकतं, त्यापलीकडे एक पाऊलही नेऊ शकत नाही.

इथे विद्यार्थ्यांची पहिली ठरलेली चूक होते. वाहक लागतो, कमाल वेग असतो, विशिष्ट रेणूच ओळखला जातो, ही लक्षणं दिसली की ते उत्तर लिहितात, सक्रिय वहन. हे तिन्ही गुण तिन्ही रीतींत असतात. ग्लुट-१ सुद्धा निवड करतोच. ग्लुकोजचं आरशातलं प्रतिबिंब असलेला एल-ग्लुकोज त्याला जवळपास चालतच नाही. वाहक आहे म्हणून वहन सक्रिय ठरत नाही. ते ठरतं वाहतूक उताराच्या विरुद्ध होते की नाही, यावरून.

आता पंप. जेन्स स्काऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये खेकड्याच्या पायांतल्या चेतातंतूंमधून एक विकर शोधून काढलं. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही हजर असतील तेव्हाच ते एटीपी भराभर तोडायचं. हाच पुढे सोडियम-पोटॅशियम पंप म्हणून ओळखला गेला आणि या शोधासाठी स्काऊला १९९७ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हा पंप एटीपीचा एक रेणू तोडून तीन सोडियम आयन पेशीबाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. एटीपीतला फॉस्फेट गट थेट पंपाला चिकटतो, त्याने पंपाचा आकार बदलतो, आणि त्या बदलातच आयन पलीकडे जातात. एटीपी आणि वाहतूक यांच्यात मध्यस्थ कोणी नाही, म्हणून याला प्राथमिक म्हणायचं.

पण एका एटीपीत तीनच सोडियम का? हे गणित मी पुस्तकात सविस्तर सोडवलंय. इथे फक्त त्याचा सांगाडा देते. एक मोल पदार्थ एका बाजूकडून दुसरीकडे न्यायला लागणारी ऊर्जा अशी मोजतात:

```
ΔG = RT ln(C₂/C₁) + zFV
```

C₁ म्हणजे जिथून निघायचं तिथली संहती, C₂ म्हणजे जिथे पोचायचं तिथली, z म्हणजे आयनावरचा भार, आणि V म्हणजे निघण्याच्या जागेच्या तुलनेत पोचण्याच्या जागेचा विद्युतदाब. शरीराच्या तापमानाला RT सुमारे २.५८ किलोज्यूल. पेशीत सोडियम १२ मिलिमोल आणि बाहेर १४५, पोटॅशियम आत १४० आणि बाहेर ४, आणि पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत ५० मिलिव्होल्टने ऋण, असं धरू. ५० मिलिव्होल्टचा हिशोब प्रत्येक एकभारी आयनामागे ४.८ किलोज्यूल होतो.

सोडियमला बाहेर जाताना दोन चढ लागतात. बाहेर सोडियम बारा पटींनी जास्त आहे, त्याचे ६.४ किलोज्यूल. शिवाय तो धनभारी, आणि आतली ऋण बाजू त्याला ओढून धरते, त्याचे ४.८. एकूण ११.२, आणि तीन सोडियमचे ३३.६ किलोज्यूल. पोटॅशियमला आत येताना पस्तीसपट संहतीचा चढ लागतो, त्याचे ९.२, पण आतली ऋण बाजू इथे मदत करते, म्हणून ४.८ वजा होतात. उरले ४.४, दोन पोटॅशियमचे ८.८. पंपाच्या एका फेरीचा खर्च झाला ४२.४ किलोज्यूल.

हा खर्च एटीपीला झेपतो का? इथे दुसरी ठरलेली चूक होते, आणि ती हुशार विद्यार्थीच जास्त करतात. पुस्तकात एटीपीच्या विघटनाची ऊर्जा ३०.५ किलोज्यूल दिलेली असते. ती घातली की निष्कर्ष निघतो, पंप चालणं अशक्य! एका विद्यार्थिनीने हे गणित दोनदा तपासून माझ्यासमोर ठेवलं होतं आणि तिची आकडेमोड निर्दोष होती. चुकली होती फक्त परिस्थिती. ३०.५ हा आकडा प्रमाण परिस्थितीतला, म्हणजे एटीपी, एडीपी आणि फॉस्फेट या तिन्हींची संहती सारखीच, एक मोल प्रतिलिटर, धरून काढलेला. जिवंत पेशीत एटीपीच्या मानाने एडीपी फार कमी असतं, फॉस्फेटही एक मोल प्रतिलिटरपेक्षा खूपच कमी असतं, आणि त्यामुळे तीच प्रतिक्रिया ५० ते ५५ किलोज्यूल देते. ४२.४ चा खर्च त्यातून भागतो आणि पंप उलटा फिरू नये इतकी शिल्लकही राहते. चौथा सोडियम उचलायचा म्हटलं तर खर्च ५३.६ वर जातो आणि शिल्लक जवळपास संपते. म्हणजे तीन हा आकडा पंपाच्या ऐपतीत नीट बसतो. गणिताचं उत्तर आणि निसर्गाचं उत्तर जुळलं नाही, तर आधी आपण घातलेला आकडा कुठल्या परिस्थितीतला आहे ते बघावं. हा धडा मला त्या विद्यार्थिनीच्या कागदाने दिला.

पंपाचं चालणं किती जीवनमरणाच्या महत्त्वाचं आहे ते तो बंद पडल्यावर कळतं. आपल्याकडे रस्त्याच्या दुभाजकांवर कण्हेर सर्रास लावलेली असते. तिच्या सर्व भागांत असणारी विषारी द्रव्यं नेमकी या पंपाला अडवतात. पोटॅशियम पेशीत परतत नाही, रक्तात साठतं, आणि हृदयाचे ठोके बिघडतात. कण्हेरीची बाधा झालेल्या रुग्णाचं पोटॅशियम तातडीने तपासतात ते याच कारणाने. प्रयोगशाळेत वापरलं जाणारं औआबेन हे याच कुळातलं द्रव्य आहे. त्याची गरज आपल्याला पुढे पडणार आहे.

आता तिसरी रीत, आणि माझ्या मते सर्वांत सुंदर. १९६० च्या ऑगस्टमध्ये प्रागला भरलेल्या एका परिसंवादात रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. आतड्यात ग्लुकोज चढावर नेण्यासाठी वाहकाला एटीपी लागत नाही. सोडियम उतारावरून आत घरंगळताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर ग्लुकोज वर चढतं. त्या वेळी हे धाडसाचं विधान होतं. आज त्या वाहकाचं नाव आपल्याला माहीत आहे: एसजीएलटी-१. तो पोकळीकडच्या पटलात असतो आणि दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकाच फेरीत, एकाच दिशेने आत आणतो. सोडियम बसल्याशिवाय ग्लुकोजची खोबण नीट तयार होत नाही, आणि ग्लुकोज बसल्याशिवाय जोडी आत वळत नाही. म्हणून एकट्याने जाण्याची सोय जवळपास नाहीच.

इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीची उपमा वर्गात कामी येते. खालचा पंप वीज खाऊन पाणी टाकीत चढवतो. टाकीतून खाली येणाऱ्या पाण्यावर कोणी छोटं चाक फिरवलं आणि त्या चाकाने धान्याची पाटी वर ओढली, तर पाटी ओढताना वीज लागली नाही. वीज लागली होती, पण आधी आणि दुसरीकडे. सोडियम-पोटॅशियम पंप म्हणजे तो विजेचा पंप आणि एसजीएलटी-१ म्हणजे ते चाक.

या चाकात जोर किती? मघाचेच आकडे घेऊ. एक सोडियम बाहेर काढायला ११.२ किलोज्यूल लागत होते, म्हणजे एक सोडियम आत आला की तेवढेच परत मिळतात. दोन सोडियमचे २२.४. जेवण बरंचसं पचून गेल्यावर पोकळीत ग्लुकोज अर्ध्या मिलिमोलवर आलंय आणि पेशीत ते १० मिलिमोल आहे, असं धरू. वीसपट चढ आहे. त्यासाठी लागतात ७.७ किलोज्यूल. मिळतात २२.४, लागतात ७.७. ग्लुकोज सहज चढतं. पोकळीतला शेवटचा अंशही वाया जात नाही, तो यामुळे.

हाच हिशोब उलटा फिरवला तर वाहकाची कमाल ताकद कळते. एका सोडियममागे संहतीचा उतार बारापट आणि विद्युतदाबाचा सुमारे साडेसहापट, म्हणजे मिळून सुमारे ८० पट. वाहक एका ग्लुकोजमागे एकच सोडियम घेत असेल, तर तो पेशीत बाहेरच्यापेक्षा ८० पट ग्लुकोज साठवू शकेल. दोन सोडियम घेत असेल तर ८० गुणिले ८०, म्हणजे सहा हजार पटींच्या आसपास. एका जादा सोडियमचा हा केवढा फरक! मूत्रपिंडात या दोन्हींचा उपयोग झालेला दिसतो. नलिकेच्या सुरुवातीला गाळलेलं ग्लुकोज मुबलक असतं, तिथे एक सोडियमवाला स्वस्त एसजीएलटी-२ बहुतेक ग्लुकोज परत घेतो. पुढे ग्लुकोज अगदी थोडं उरतं, तिथे दोन सोडियमवाला एसजीएलटी-१ ते वेचून काढतो. मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं पहिल्या वाहकाला अडवून जादा साखर लघवीतून बाहेर जाऊ देतात.

मात्र सहा हजार पट ही ताकदीची सीमा आहे. प्रत्यक्षात पेशीत तितकं ग्लुकोज कधी साठत नाही, कारण रक्ताकडच्या बाजूला दुसरं दार उघडं आहे. त्या दारात ग्लुट-२ बसलेला असतो. हा ग्लुट-१ चा भाऊबंद, सुलभ विसरण करणारा, पण याची निम्म्या वेगाची संहती बरीच जास्त, सुमारे १७ मिलिमोल. पेशीत १० आणि रक्तात ५ मिलिमोल असताना बाहेर जाण्याचा वेग ३७ टक्के आणि परत येण्याचा २३ टक्के, निव्वळ १४ टक्के रक्ताकडे. जेवणानंतर पेशीतलं ग्लुकोज २० मिलिमोल झालं तर बाहेर जाण्याचा वेग ५४ टक्क्यांवर चढतो. ग्लुट-१ इथे असता तर तो आधीच भरून गेला असता आणि आणखी ओघ वाहून नेऊ शकला नसता. एकच रीत, पण जागेप्रमाणे वेगळा वाहक, आणि त्या निवडीमागे कारण आहे.

आता प्रवास पूर्ण झाला, त्याचा हिशोब मांडू. तीन ग्लुकोज आत आले तर सहा सोडियम बरोबर आले. ते बाहेर काढायला पंपाच्या दोन फेऱ्या लागल्या, म्हणजे दोन एटीपी. एका ग्लुकोजमागे दोन तृतीयांश एटीपी. तोच ग्लुकोज पुढे एखाद्या पेशीत पूर्ण जळला तर तीसच्या आसपास एटीपी देतो. वाहतुकीचा खर्च उत्पन्नाच्या दोन-सव्वादोन टक्के. 'सहवहनाला एटीपी लागत नाही' आणि 'सहवहनाला एटीपी लागतो' ही दोन्ही विधानं अपुरी का, ते या हिशोबात दिसतं. दारात बिल येत नाही, पण पंपावर येतं.

हे सगळं खरं कशावरून, असं वाचकाने विचारलंच पाहिजे. पेशी काचेच्या नळीत ठेवून तीन गोष्टी करून बघता येतात. पहिली, पेशीबाहेरच्या द्रावणातून सोडियम काढून घ्या. तांबड्या पेशीत ग्लुकोज पूर्वीसारखंच शिरत राहील. आतड्याच्या पेशीत पोकळीकडून शिरणं थांबेल. दुसरी, औआबेन टाकून पंप बंद करा. तांबड्या पेशीत ग्लुकोजला काही फरक पडणार नाही. आतड्याच्या पेशीत मात्र ग्लुकोज सुरुवातीला शिरत राहील आणि मग हळूहळू मंदावेल, कारण टाकीत आधी चढवलेलं पाणी संपायला वेळ लागतो. लगेच थांबणं आणि हळूहळू थांबणं यातल्या फरकावरूनच प्राथमिक सक्रिय वहन आणि सहवहन वेगळं ओळखता येतं. तिसरी, सफरचंदाच्या झाडाच्या सालीत मिळणारं फ्लोरायझिन पोकळीकडून लावा. एसजीएलटी अडेल, पंप अडणार नाही. या तीन कसोट्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पुन्हा येतात, आणि त्या पाठ न करता त्यांचे निकाल आधी स्वतः वर्तवून पाहावेत, अशी माझी इच्छा आहे.

निसर्गाने स्वतःही असा एक क्रूर प्रयोग करून ठेवला आहे. काही बाळं एसजीएलटी-१ मध्ये दोष घेऊन जन्माला येतात. दूध सुरू होताच पहिल्याच दिवसांत त्यांना जबरदस्त पाण्यासारखे जुलाब लागतात, कारण दुधातल्या साखरेतून निघणारे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज दोन्ही याच दाराने आत येतात. ते पोकळीत अडकतात आणि पाणी तिथेच धरून ठेवतात. ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोज दिलं की जुलाब थांबतात, कारण फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे, ग्लुट-५ नावाचं. दोन साखरांना नकार आणि तिसरीला होकार, एवढ्यावरून दोष नेमक्या कुठल्या दारात आहे ते ओळखता येतं. ही व्याधी फार विरळ आहे, पण वाहक वेगवेगळे असतात हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

कॉलऱ्यात याच्या उलट होतं. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीत एक निरोप्या रेणू वाढवतं, त्यामुळे क्लोराइडचे मार्ग उघडे पडतात, क्लोराइडमागून सोडियम आणि पाणी पोकळीत ओतलं जातं. माणूस तासातासाला लिटरच्या मापाने पाणी गमावू शकतो. पण या गदारोळात एसजीएलटी-१ शाबूत राहतो. नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर फारसं आत जात नाही. त्यात ग्लुकोज असेल तर ग्लुकोज सोडियमला घेऊन आत येतं, दोघं रक्ताकडे सरकतात, आणि त्यांच्यामागून पाणी.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन पुरत नव्हतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यामागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशी मिश्रणं कोलकात्यात पिशव्यांत भरून घेतली, छावणीत पाण्यात कालवली आणि नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजली. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. प्रागमधल्या एका कल्पनेपासून बनगावच्या ग्लासापर्यंत जेमतेम अकरा वर्षं गेली होती.

आज दुकानात मिळणारं ओआरएसचं पाकीट जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं असेल तर त्यात एका लिटरसाठी साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. साडेतेराला ग्लुकोजच्या रेणुभाराने, १८० ने, भागा: ७५ मिलिमोल. २.६ ला ५८.५ ने भागा: ४४ मिलिमोल सोडियम. २.९ ला सायट्रेटच्या २९४ ने भागून तीनने गुणा, कारण एका रेणूत सोडियम तीन: सुमारे ३०. बेरीज ७५ च्या जवळ. सोडियम आणि ग्लुकोज समसमान. इथे चौकस वाचक विचारेल, वाहक तर दोनाला एक या प्रमाणात चालतो, मग पाकिटात एकाला एक कसं? कारण दुसरा सोडियम आधीच आतड्यात हजर असतो, जुलाबाच्या पाण्यातूनच तो पोकळीत आलेला असतो. पाकिटाला वाहकाचं प्रमाण तंतोतंत गाठायची गरज नाही. त्याने दोन गोष्टी पाळायच्या: ग्लुकोज पुरेसं असावं, आणि द्रावण एकूण फार दाट नसावं.

दुसरी गोष्ट घराघरात मोडली जाते. चव यावी म्हणून पाकीट अर्ध्याच पाण्यात कालवतात, वर दोन चमचे साखर टाकतात, किंवा ओआरएसऐवजी गोड शीतपेय पाजतात. वाहकाला कमाल वेग असतो हे आपण पहिल्याच गणितात पाहिलं. त्यापलीकडची साखर आत जात नाही, ती पोकळीत राहते आणि शरीरातलंच पाणी आतड्यात खेचते. औषधाने जुलाब वाढतात. हे टाळायला कुठल्याही पदवीची गरज नाही. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटर स्वच्छ पाणी घ्यावं, आणि वरून काहीही घालू नये.

हे पुस्तक वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि प्रत्येक गणित उत्तर बघण्याआधी स्वतः मांडा. आकडे तुमच्या पाठ्यपुस्तकात थोडे वेगळे असतील, कारण पेशीनुसार ते वेगळे असतात. ते घालून बघा, उत्तर बदलेल पण मांडणी बदलणार नाही. आणि ग्लुकोजला पेशीत शिरायला ऊर्जा लागते का, असं कोणी विचारलं, तर उत्तर देण्याआधी विचारा: कुठल्या पेशीच्या कुठल्या बाजूने, उतारावरून की चढावर, आणि चढाव असेल तर खर्च कोण देतंय? एवढे तीन प्रश्न नीट विचारता आले, तर तक्ता पाठ करायची गरज उरत नाही.